नंबर जिवंत आहे, पण ओटीपी येत नाही

ओमानला जायचं पक्कं झालं तेव्हा घरात सगळ्यांना काळजी होती ती व्हिसाची, मेडिकलची आणि एजंटच्या पैशांची. मोबाइल नंबरचा विषय कोणाच्या डोक्यातही नव्हता. तो निघाला फार्मर आयडीमुळे. २०२५ च्या सुरुवातीला आमच्या दारव्हा तालुक्यात शेतकरी ओळख क्रमांक काढायची घाई चालली होती. बाबा सेतूवर गेले. तिथल्या पोरानं आधार नंबर टाकला, ओटीपी पाठवला आणि बाबांचा मला फोन आला, "मेसेज आला का रे तुह्या मोबाइलवर? पोरगा वाट पायत बसला हाय."

मी यवतमाळला होतो. ओटीपी सांगितला, काम झालं. पण संध्याकाळी डोक्यात आलं, की महिनाभरात मी सोहारला असणार. तेव्हा बाबांच्या आधारचा ओटीपी ओमानमध्ये येणार, तेही आला तर. सेतूवाल्यापुढे दहा माणसं रांगेत उभी असणार आणि मी सबस्टेशनच्या खोलीत, जिथं मोबाइलला रेंज नाही. आधारचा ओटीपी १० मिनिटं चालतो, त्यानंतर नवा मागवावा लागतो.

आमच्याकडे असं घरोघरी आहे. ज्या काळात आधार कार्डं निघाली, तेव्हा घरात एकच मोबाइल होता, नाहीतर शिकलेल्या पोराचा नंबर सगळ्यांच्या कार्डाला लावून दिला. आधार एकाच नंबरला अनेक कार्डं जोडू देतं, त्यामुळे कोणाला अडचण आली नाही. पीएम किसानची ई-केवायसी, बँकेचं खातं, गॅसचं सबसिडीचं काम, सगळं त्या एका सिमवर उभं. ते सिम कोणाच्या खिशात आहे याला तेव्हा महत्त्व नव्हतं, कारण खिसा घरातच होता.

म्हणून जाण्याआधी पहिलं काम केलं ते नंबर वेगळे करायचं. कोणाच्या आधारला कोणता नंबर आहे हे आठवणीवर सोडू नये. आधारच्या वेबसाइटवर आधार नंबर वैध आहे का हे तपासायची सोय आहे. तिथं लॉगिन न करता वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन अंक दिसतात. घरातले चारही आधार टाकून बघितले. बाबांच्या आणि आईच्या कार्डाला माझे तीन अंक निघाले. धाकट्याच्या कार्डाचे अंक ओळखूच येईनात. मग आठवलं, तो त्याच्या दहावीच्या वेळचा नंबर होता आणि तो बंद पडून जमाना झाला होता.

बाबांच्या नावानं नवं सिम घेतलं. नंबर त्यांच्याच नावावर असणं गरजेचं आहे, कारण सिम हरवलं तर दुसरं सिम ज्याच्या नावावर आहे त्यालाच मिळतं. आमच्याकडे मामाच्या कागदावर भाच्याचं सिम, भाच्याच्या कागदावर जावयाचं, असं सर्रास चालतं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं, तेही एकदा बघून घ्यावं. त्यानंतर आई-बाबांना घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर गेलो. तेव्हा मोबाइल बदलायला ज्याचं आधार आहे त्या माणसाला स्वतः जावं लागायचं, बोटाचे ठसे लागायचे. माझ्यासाठी कठीण भाग तोच होता. बाबांच्या बोटांच्या रेषा वावरातल्या कामानं इतक्या घासल्या आहेत की मशीन एकेक बोट नाकारत गेलं. ऑपरेटरनं बोटं धुवायला लावली, थोडं तेल लावून पुसायला लावलं, शेवटी डोळ्याच्या स्कॅनरवर काम झालं. ठसे उमटत नाहीत म्हणूनच या लोकांना ओटीपीचा मार्ग हवा असतो, आणि तो ओटीपी नेमका पोराच्या मोबाइलवर जातो.

बाबांचं सिम घरीच राहणार होतं, त्यामुळे तिथं रोमिंगचा प्रश्न नव्हता. फक्त गावात ज्याची रेंज आहे त्याचं घ्यायचं आणि वैधता संपू द्यायची नाही, इतकंच. धाकट्याला सांगून ठेवलं, की रिचार्ज बाबांवर सोडू नको.

आता माझा नंबर. तो मात्र बरोबर न्यायचा होता, कारण माझ्या बँकेचे, पीएफचे, आयकराचे ओटीपी त्यावर येतात. काही लोक सिम घरी ठेवून जातात आणि भावाला फोन करून ओटीपी विचारतात. हे मला पटलं नाही. एक तर भाऊ शेतात, फोन घरात चार्जिंगला, आणि बँकेचा ओटीपी काही मिनिटांचा. दुसरं, यूपीआयचं ॲप ज्या फोनमध्ये ते सिम आहे त्याच फोनमध्ये नोंदतं. नोंदणीच्या वेळी त्या सिमवरून एक मेसेज बाहेर जातो. सिम दारव्ह्यात आणि फोन सोहारमध्ये, तर ॲप पुन्हा नोंदायची वेळ आली की अडलंच. आणि येणारे मेसेज आपोआप दुसरीकडे पाठवणारी ॲप तर टाकूच नयेत. आपले सगळे ओटीपी तिसऱ्याला वाचायला दिल्यासारखं होतं ते.

रिचार्जचा हिशेब करायला बसलो तेव्हा वेळ चांगली जुळून आली होती. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपन्यांना सांगितलं, की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज द्या, आणि अशा रिचार्जची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये हे प्लॅन आले. एअरटेल आणि व्हीआयचा १८४९ रुपयांचा ३६५ दिवसांचा, जिओचा १७४८ रुपयांचा ३३६ दिवसांचा. परदेशात डेटा तिथल्या सिमवर चालतो, भारतातला डेटा विकत घेऊन ठेवण्यात काही अर्थ नाही. तेव्हाचा १९९ रुपयांचा २८ दिवसांचा रिचार्ज करत राहिलो असतो तर वर्षात १३ वेळा करावा लागला असता आणि २५८७ रुपये गेले असते. ४६९ रुपयांचा ८४ दिवसांचा चार वेळा केला तरी १८७६ रुपये होतात आणि वर्षाचे २९ दिवस उघडेच राहतात. मी १८४९ चा केला. स्वस्त पडला हे आहेच, पण मला त्यातली खरी सोय वाटली ती ही, की वर्षातून एकदाच तारीख सांभाळायची. परदेशात तारखाच चुकतात, पैशांचं एवढं नसतं.

सोहारला पोचल्यावर खोलीत एक बुलढाण्याकडचा सोबती भेटला. त्यानं माझं ऐकून हसून घेतलं. "अठराशे काऊन घालवले? वीस रुपये टाकून ठेवायचे, नंबर जिवंत राहते." हा सल्ला सगळीकडे फिरतो. तो पूर्ण खोटा नाही, म्हणूनच माणूस त्यात फसतो.

ट्रायचा २०१३ चा नियम असा आहे, की प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला गेला नाही तरच कंपनी तो बंद करू शकते. वापर म्हणजे आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटा वगैरे. नुसता आलेला एसएमएस त्यात मोजला जात नाही. ९० दिवस झाले आणि खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील, तर ते २० कापून नंबर आणखी ३० दिवस राखून ठेवायचा, शिल्लक असेपर्यंत असं चालवायचं. शिल्लक नसेल आणि नंबर बंद झाला, तरी १५ दिवसांत पैसे भरून तो परत मागता येतो. त्यानंतर तो गेला. गेलेला नंबर दुसऱ्या ग्राहकाला देण्याआधी किमान ९० दिवस थांबायचं असतं, म्हणजे पुढे कधीतरी आपलाच नंबर कोणा अनोळखी माणसाच्या हातात जातो आणि आपल्या बँकेत तो अजून आपल्या नावानं नोंदलेला असतो.

पण हा नियम नंबर आपल्या नावावर राखून ठेवण्याबद्दल आहे. सेवा चालू ठेवण्याबद्दल तो काही म्हणत नाही. प्लॅनची वैधता संपली की आधी आपण करतो ते कॉल बंद होतात, आणि काही दिवसांनी येणारेही बंद होतात. नंबर कागदावर तुमचा असतो, सिमही तेच असतं, फक्त त्यावर काही पोचत नाही. सोबत्याचं तेच झालं होतं. त्याचे शेदोनशे रुपये शिल्लक होते, वैधता मात्र केव्हाच संपलेली. त्याला भारतातल्या बँकेचा पासवर्ड बदलायचा होता. बटण दाबतोय, "ओटीपी पाठवला आहे" असं येतंय, आणि फोनवर काहीच नाही. त्याला वाटलं बँकेचीच गडबड आहे. मी त्याला धाकट्या भावाकडून त्या नंबरवर भारतातून कॉल लावायला सांगितलं. तिकडून ध्वनिमुद्रित आवाज, की या नंबरची येणाऱ्या कॉलची सेवा बंद आहे. तपासायची सर्वांत सोपी रीत हीच. 'स्विच ऑफ' किंवा 'कव्हरेज क्षेत्राबाहेर' म्हटलं तर फोनचा किंवा रेंजचा प्रश्न, आणि सेवा बंद म्हटलं तर रिचार्जचा. त्यानं रिचार्ज केला आणि काही वेळानं त्याच्या फोनवर नेटवर्क आलं.

वैधता चालू असली तरी परदेशात आणखी एक दार असतं, ते म्हणजे इंटरनॅशनल रोमिंग. हे निघायच्या आधी कंपनीच्या ॲपमधून चालू करून ठेवलं. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. रोमिंग चालू असणं वेगळं आणि रोमिंगचा महागडा पॅक घेणं वेगळं. माझ्या सिमवर रोमिंगमध्ये येणारा एसएमएस फुकट आहे, त्यासाठी पॅक घ्यावा लागला नाही. सगळ्या कंपन्यांचं असंच असेल असं धरून चालू नये. काहींकडे आधी काही रक्कम भरल्याशिवाय किंवा वेगळा रिचार्ज केल्याशिवाय रोमिंग सुरूच होत नाही. स्वस्त प्लॅन बघून कंपनी निवडायच्या आधी कस्टमर केअरला सरळ एवढंच विचारावं: "पॅक न घेता परदेशात येणारा एसएमएस मिळेल का, आणि त्याला पैसे लागतील का?"

पैसे लागतात ते फोन उचलला की. रोमिंगमध्ये येणारा कॉलही उचलणाऱ्याच्या खिशातून जातो. म्हणून भारतीय नंबरवर कोणाचा फोन आला तर मी वाजू देतो आणि ओमानी सिमवरून उलट करतो. गावातल्या लोकांना हे समजवायला वेळ लागला. एक काका रागावले होते, की पोरगं तिकडे जाऊन मोठं झालं, फोन उचलत नाही. आणखी एक काळजी घेतली. फोन उचलला नाही तर कॉल दुसरीकडे वळवायची सोय काही फोनमध्ये आपोआप लागलेली असते, आणि रोमिंगमध्ये तसा वळलेला कॉलही खर्चात पडू शकतो. भारतात असतानाच ##002# डायल केलं, त्यानं सगळ्या प्रकारचं कॉल फॉरवर्डिंग एकदम रद्द होतं. भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवलं, आणि ओमानी सिमची रेंज गेली की डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारी सेटिंगही बंद केली. ही दुसरी सेटिंग लोक विसरतात.

फोन दोन सिमचा, एकात ओमानी आणि एकात भारतीय. भारतीय सिम मी ई-सिम केलं नाही, प्लास्टिकचंच ठेवलं. आमच्या कामात फोन पडतो, फुटतो, उन्हात तापून बंद पडतो. प्लास्टिकचं सिम काढून सोबत्याच्या फोनमध्ये घातलं की ओटीपी येतो. ई-सिम असलेला फोन मेला तर ते दुसऱ्या फोनवर न्यायची पडताळणी परदेशात बसून करावी लागते, आणि ती बहुतेक त्याच नंबरवर येणाऱ्या मेसेजवर अडते. ऑफिसात बसून काम करणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं.

पहिले काही आठवडे मेसेज व्यवस्थित आले. मग एकदा बँकेचा ओटीपी येईना. वैधता होती, रोमिंग चालू होतं, तरी भारतीय सिमपुढे 'फक्त इमर्जन्सी कॉल' लिहिलेलं. याचा अर्थ सिम तिथल्या कोणत्याच नेटवर्कवर नोंदलेलं नाही. रेंजच्या काड्या दिसतात म्हणून फसू नये, त्या दुसऱ्या सिमच्या असू शकतात. फोन विमान मोडवर टाकून परत काढला, तरी तेच. मग सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडणं बंद केलं आणि दिसणारी नावं एकेक करून लावली. ओमानटेल, ऊरीडू आणि व्होडाफोन अशी तीन तिथं दिसतात. एकावर नकार आला, दुसऱ्यावर सिम बसलं. आपल्या कंपनीचा करार कोणाशी आहे त्यावर हे ठरतं, आणि फोन आपोआप निवडताना कधी चुकीच्या दारावर डोकं आपटत बसतो.

सिम बसताच तीन मेसेज एकदम आले, तिन्ही ओटीपीचे. यातही एक खुबी आहे. आपण घाईत 'पुन्हा पाठवा' दाबत राहतो, आणि नवा मागवला की आधीचा रद्द होतो. उशिरा आलेले मेसेज पाठवल्याच्या क्रमानंच येतील असंही नाही. मी सर्वांत वरचा टाकला, तो चुकला, दुसरा टाकला, तोही चुकला, आणि बँकेनं त्या दिवसापुरतं लॉगिन अडवलं. तेव्हापासून आधी सिम नेटवर्कवर आहे याची खात्री करतो, एकदाच ओटीपी मागवतो आणि मुदत संपेपर्यंत थांबतो.

महत्त्वाच्या कामाच्या दिवशी हे कळू नये म्हणून पगाराच्या आसपास डिजिलॉकरवर ओटीपीनं लॉगिन करून बघतो. फुकट आहे, आणि वैधता, रोमिंग, नेटवर्क तिन्ही एका फटक्यात तपासली जातात. जमलं तर त्याच बैठकीत सोबत्याचंही करून घेतो.

बँकेचा भार मात्र जमेल तितका या सिमवरून कमी केला. परदेशात नोकरीला गेलेल्या माणसानं साधं बचत खातं तसंच चालवायचं नसतं, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्यायचं असतं, आणि एनआरओ किंवा एनआरई खात्याला बऱ्याच बँका परदेशी नंबर आणि ईमेल लावून देतात. २०२३ पासून काही देशांच्या नंबरवर यूपीआयही चालवायची परवानगी आहे, त्या पहिल्या दहा देशांत ओमान आहे. बँक ती सोय देते का हे मात्र बँकेगणिक. म्हणून निघायच्या आधी शाखेत जाऊन ईमेलवर ओटीपी मिळेल असं करून घेतलं. आधारच्या ओटीपीला मात्र ही पळवाट नाही, तिथं भारतीय सिमच लागतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस विकायला 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सुरू झाली, तेव्हा सेतूवरच्या पोरानं बाबांचाच नंबर टाकला. रात्री बाबांनी नोंदणी झाल्याचं सांगितलं आणि लगेच पऱ्हाटीवरच्या बोंडअळीकडे वळले. मला त्यात काही करावं लागलं नाही.

आता सुट्टीवर गेलो की सिम बदलून घ्यायचं आहे, कारण त्याच्या सोनेरी पट्टीवर ओरखडे पडलेत आणि फोन कधी कधी सिम नाही म्हणतो. हे काम सुट्टीच्या पहिल्याच दिवसांत करायचं ठरवलं आहे. सिम बदललं की पुढचे २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, फसवणूक टाळायला २०२२ पासून तसा नियम आहे. आणि कंपनीच बदलायचं मनात आलं, तर सिम बदलल्यापासून ७ दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. परतीच्या आदल्या दिवशी दुकानात गेलेला माणूस विमानतळावर ओटीपीवाचून उभा राहतो, आणि नवं सिम रोमिंगवर बसतंय की नाही हे त्याला तिकडे उतरल्यावर कळतं.